थांबला बोलायला की थांबला बोलायचा: 'स्टॉप' आणि 'रिमेंबर'पुढची रिकामी जागा

प्रश्न: मॅडम, मी लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेची तयारी करतोय. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून झालं. रिकाम्या जागांच्या प्रश्नात 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'वॉन्ट', 'स्टॉप', 'रिमेंबर' यांच्यापुढे आयएनजी लावायचं की टू, हे माझं कधीच नक्की होत नाही. याद्या पाठ केल्या, तर 'स्टॉप' आणि 'रिमेंबर' दोन्ही याद्यांत सापडतात. पर्याय नेमका कसा ओळखायचा?

उत्तर:

दोन्ही याद्यांत तेच क्रियापद दिसतं ही तुमच्या वहीतली चूक नाही. 'स्टॉप' आणि 'रिमेंबर' यांच्यापुढे दोन्ही रूपं खरोखरच चालतात, फक्त अर्थ बदलतो. 'एन्जॉय', 'अव्हॉइड' आणि 'वॉन्ट' यांचं तसं नाही. त्यांचं रूप ठरलेलं आहे, वाक्यात पुढेमागे काहीही असो. म्हणजे तुम्ही विचारलेल्या पाच क्रियापदांचे दोन वेगळे गट आहेत आणि दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही. पहिल्या गटात क्रियापद ओळखलं की काम झालं. दुसऱ्या गटात अख्खं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर निघत नाही. माझ्या वर्गात मुलं बरोबर उलट करतात: 'एन्जॉय' आलं की अर्थाचा विचार करत बसतात आणि 'स्टॉप' आलं की पाठ केलेलं आयएनजी डोळे मिटून लावतात.

पहिला गट आधी उरकते, कारण तिथे सांगण्यासारखं थोडं आहे.

मराठी माध्यमातला विद्यार्थी 'आय एन्जॉय टू स्विम' असं का लिहितो, याचं कारण आपल्या क्रियापदांना लागणाऱ्या 'आयला' या शेवटात आहे. मला पोहायला आवडतं, मला पोहायला मजा येते. या 'पोहायला'तला शेवटचा 'ला' हा 'घराला', 'गावाला' यातलाच 'ला' आहे. जुन्या मराठीत, आणि सरकारी कागदांवर अजूनही, आपण 'करावयास' लिहितो, त्याचंच बोलीत 'करायला' झालं. 'कशासाठी', 'कुठे' याकडे बोट दाखवणारा हा प्रत्यय. इंग्रजीतला 'टू'सुद्धा मुळात असाच, 'टू पुणे' म्हणताना येतो तोच, दिशा दाखवणारा. त्यामुळे 'आयला' म्हणजे 'टू' हे समीकरण आपल्या डोक्यात आपोआप तयार होतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते बरोबरही निघतं. 'त्याने यायला नकार दिला' हे 'ही रिफ्यूज्ड टू कम' असंच होतं.

फरक इतकाच की मराठीने हा 'आयला' आवडीनिवडीपर्यंत ताणला, इंग्रजीतल्या 'एन्जॉय'ने 'टू' स्वीकारला नाही. 'एन्जॉय'ला एक वस्तू लागते आणि आयएनजी रूप ही क्रियापदापासून झालेली वस्तूच आहे, आपल्या 'पोहणं'सारखी. म्हणून 'आय एन्जॉय स्विमिंग'. तीच फसगत 'माइंड'पाशी होते. 'दार उघडायला हरकत आहे का' यातल्या 'आयला'वरून 'वुड यू माइंड टू ओपन द डोअर' लिहिलं जातं. बरोबर रूप 'वुड यू माइंड ओपनिंग द डोअर'. 'सजेस्ट'पाशीही हेच. 'तिने थांबायला सुचवलं' हे 'शी सजेस्टेड वेटिंग' असं होतं, 'सजेस्टेड टू वेट' कधीच नाही.

'अव्हॉइड'च्या बाबतीत मात्र मराठी तुमच्या बाजूने आहे. आपण 'बोलणं टाळतो' किंवा 'बोलायचं टाळतो' म्हणतो, 'बोलायला टाळतो' असं कोणी म्हणत नाही. म्हणून 'ही अव्हॉइड्स टॉकिंग टू स्ट्रेंजर्स'. तरीही 'अव्हॉइड टू टॉक' लिहिणारे भेटतात. त्यामागे शाळेत दोन क्रियापदं जोडायला आधी 'टू' शिकवलेला असतो, एवढंच कारण असतं.

या गटाचा एक अंदाज देता येतो. जे काम अजून व्हायचं आहे, ज्याच्याकडे मन पुढे पाहतं, तिथे सहसा 'टू' येतो: 'वॉन्ट', 'होप', 'डिसाइड', 'प्लॅन', 'प्रॉमिस', 'अग्री', 'रिफ्यूज'. जे काम चालू आहे किंवा होऊन गेलं आहे, तिथे सहसा आयएनजी: 'एन्जॉय', 'फिनिश', 'कीप', 'अॅडमिट', 'डिनाय'. पण हा अंदाजच आहे. 'अव्हॉइड', 'पोस्टपोन', 'सजेस्ट' आणि 'कन्सिडर' हे चौघे तो मोडतात. यांच्यापुढचं काम अजून व्हायचं असतं, काही वेळा तर व्हायचंच नसतं, तरी आयएनजी लागतं. पेपर काढणाऱ्यांना हे चौघे फार आवडतात, कारण अंदाजावर चालणारा विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. लांबलचक यादीऐवजी एवढे चार पक्के करा.

'वॉन्ट'पुढे 'टू' लावायला कोणी चुकत नाही. चूक होते ती मध्ये माणूस आला की. 'त्याने यावं असं मला वाटतं' हे आपण 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम' असं उतरवतो आणि पर्यायांत ते ठेवलेलं असतंच. 'वॉन्ट'पुढे 'दॅट' बसत नाही. माणूस कर्माच्या रूपात येतो आणि मग 'टू': 'आय वॉन्ट हिम टू कम'. 'वॉन्ट'चं रूप ठरलेलं आहे असं वर म्हटलं, पण त्याच्यापुढे आयएनजी दिसण्याची एक अपवादाची जागा आहे. ब्रिटिश बोलण्यात 'द कार वॉन्ट्स वॉशिंग' म्हणजे गाडी धुवायला झाली आहे. तिथे 'वॉन्ट'चा अर्थ इच्छा नसून गरज असा आहे, कारण गाडीला इच्छा नसते. परीक्षेत हीच रचना बहुतेक 'नीड' घेऊन येते: 'द रूम नीड्स क्लीनिंग'. कर्ता निर्जीव असेल आणि काम त्याच्यावर व्हायचं असेल तर आयएनजी, किंवा मग पूर्ण 'टू बी क्लीन्ड'.

आता दुसरा गट. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण गुण इथे जातात आणि मराठी माणसाला इथे यादीपेक्षा चांगलं साधन उपलब्ध आहे.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. 'तो बोलायला थांबला.' 'तो बोलायचा थांबला.' फक्त 'ला' आणि 'चा' यांचा फरक. पहिल्या वाक्यात तो चालत होता, वाटेत कोणी भेटलं, म्हणून थांबला आणि बोलू लागला. दुसऱ्यात तो बोलत होता आणि गप्प झाला. एका वाक्यात थांबल्यावर बोलणं सुरू होतं, दुसऱ्यात थांबताच बोलणं संपतं. इंग्रजीत हाच फरक अनुक्रमे 'ही स्टॉप्ड टू टॉक' आणि 'ही स्टॉप्ड टॉकिंग' असा येतो. पाऊस पडायचा थांबला, बाळ रडायचं थांबलं, पंखा फिरायचा थांबला: सगळीकडे आयएनजी. चहा प्यायला थांबलो, पेट्रोल भरायला थांबलो, फोटो काढायला थांबलो: सगळीकडे 'टू'. मराठी ही जोडी लहानपणापासून अचूक वापरते आणि तिचं भाषांतर करताना काहीही हरवत नाही.

सूत्र म्हणून लिहायचं तर असं:

```
stop + V-ing   = ते काम बंद
stop + to + V  = दुसरं काम बंद, हे सुरू
```

दुसऱ्या ओळीतला 'टू' खरं तर 'स्टॉप'चा नव्हेच, तो हेतूचा आहे. त्याच्या जागी 'इन ऑर्डर टू' घालून पाहा. 'ही स्टॉप्ड इन ऑर्डर टू टॉक' हे वाक्य तसंच उभं राहतं. ही कसोटी 'स्टॉप'ला लागू पडते, 'रिमेंबर'ला नाही, हे ध्यानात ठेवा.

वाक्यातला पुरावा कुठे शोधायचा, ते दोन नमुन्यांवर पाहू. 'द डॉक्टर वॉर्न्ड हिम, सो ही स्टॉप्ड ___ टी आफ्टर डिनर.' डॉक्टरांनी बजावल्यावर माणूस चहा प्यायला थांबणार नाही, चहा प्यायचा थांबेल. म्हणून 'ड्रिंकिंग'. आता दुसरं: 'द ड्रायव्हर वॉज फीलिंग स्लीपी, सो ही स्टॉप्ड ___ अ कप ऑफ टी.' झोप येतेय, म्हणून गाडी थांबली ती चहासाठी. म्हणून 'टू हॅव'. दोन्ही वाक्यांत चहा आहे, 'सो' आहे, 'स्टॉप्ड' आहे. निर्णय झाला तो 'वॉर्न्ड' आणि 'स्लीपी' या शब्दांवर. रिकाम्या जागेच्या शेजारचे दोन शब्द वाचून पर्याय टिपणाऱ्याला हे शब्द दिसतच नाहीत.

कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही जागा रिकाम्या असतात. 'व्हेन द फोन रँग, ही स्टॉप्ड ___ ___ इट.' पर्यायांत 'वर्किंग, टू आन्सर' असेल तर तेच. काम करायचा थांबला, फोन घ्यायला थांबला. 'स्टॉप'पुढे आधी बंद झालेलं काम येतं, मग त्यामागचा हेतू. उलट क्रम बसत नाही.

'स्टॉप' इतकं सरळ आहे. 'रिमेंबर' आणि त्याचं भावंड 'फरगेट' यांत मात्र शिकवतानाच एक चूक केली जाते आणि ती विद्यार्थ्यांच्या वहीत वर्षानुवर्षं राहते. ती अशी: 'रिमेंबर'नंतर भूतकाळ असेल तर आयएनजी, भविष्य असेल तर 'टू'. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं असंच शिकवत होते. मग एका विद्यार्थिनीने वर्गात फळ्यावरचं वाक्य दाखवून विचारलं की 'रिमेंबर्ड' भूतकाळात आहे, मग उत्तर 'टू' कसं? वाक्य होतं 'आय रिमेंबर्ड टू टर्न ऑफ द गॅस बिफोर वी लेफ्ट.' तिची शंका रास्त होती. चूक माझ्या नियमात होती.

वाक्याचा काळ इथे काही ठरवत नाही. ठरवतो तो क्रम: आधी आठवण की आधी काम? निघताना गॅसची आठवण झाली, मग बंद केला. आठवण आधी, काम नंतर, म्हणून 'टू'. सगळं भूतकाळातलं असलं तरी. याउलट 'आय शॅल ऑल्वेज रिमेंबर मीटिंग यू' या वाक्याचा काळ भविष्य आहे, पण भेट होऊन गेलेली आहे आणि आठवण पुढे राहणार आहे. काम आधी, आठवण नंतर, म्हणून आयएनजी. काळावर चालणारा विद्यार्थी या दोन्ही वाक्यांत चुकतो, क्रमावर चालणारा दोन्हींत बरोबर येतो.

मराठीत हा क्रम आपण वेगवेगळ्या रूपांनी सांगतो. काम आधी झालेलं असेल तर 'ल्याचं' येतं. 'कुलूप लावल्याचं आठवतंय', 'त्यांना भेटल्याचं आठवतंय', 'पैसे दिल्याचं विसरलो'. 'लावल्या', 'भेटल्या', 'दिल्या' या रूपांतच काम झालं हे आलेलं आहे. इंग्रजीत तिथे आयएनजी: 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर'. काही वेळा पर्यायात 'हॅविंग लॉक्ड' असतं. तेही बरोबर आहे, अर्थ तोच. काम पुढे असेल तर 'आठवणीनं कुलूप लाव', 'कुलूप लावायला विसरू नकोस', 'कुलूप लावायला विसरलो'. इथे 'टू': 'रिमेंबर टू लॉक', 'डोन्ट फरगेट टू लॉक', 'आय फरगॉट टू लॉक'.

'फरगेट'पाशी आणखी एक प्रश्न विचारला की शंकाच उरत नाही: काम झालं का? 'आय फरगॉट टू लॉक द डोअर' म्हणजे दार उघडंच राहिलं. 'आय फरगॉट लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लागलेलं आहे, पण ते लावलं हेच मी विसरले. हे दुसरं वाक्य रोजच्या बोलण्यात क्वचित येतं. आयएनजी बहुतेक 'नेव्हर फरगेट'बरोबर दिसतं: 'आय विल नेव्हर फरगेट सीइंग द सी फॉर द फर्स्ट टाइम'. समुद्र पाहिलेला आहे, तो विसरणार नाही. म्हणून वाक्यात 'नेव्हर फरगेट' दिसलं तर सावध व्हा, पण उत्तर क्रम पाहूनच द्या. 'शी नेव्हर फरगेट्स टू कॉल हर मदर ऑन संडेज' यात 'नेव्हर' असूनही 'टू' येतो, कारण दर रविवारी आठवण आधी आणि फोन नंतर.

पुरावा बहुतेक वेळा जोडवाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात असतो. 'आय रिमेंबर ___ द की टू द वॉचमन, बट ही सेज ही नेव्हर गॉट इट.' वाद चाललाय तो होऊन गेलेल्या गोष्टीवर. मी किल्ली दिल्याचं मला आठवतंय, तो नाही म्हणतो. म्हणून 'गिव्हिंग'. आता 'प्लीज रिमेंबर ___ द की टू द वॉचमन बिफोर यू लीव्ह.' निघण्याआधी आठवणीनं दे. म्हणून 'टू गिव्ह'. 'प्लीज' आणि 'डोन्ट' ने सुरू होणाऱ्या सूचनांत जवळजवळ नेहमी 'टू'च निघतो, कारण झालेलं काम करायला कोणी सांगत नाही.

आता तुमच्या सरावासाठी एक मोठं वाक्य पूर्ण सोडवून दाखवते.

'ऑन हर वे होम, सुनीता स्टॉप्ड ___ सम व्हेजिटेबल्स, बट अ‍ॅट द गेट शी रिअलाइज्ड दॅट शी हॅड फरगॉटन ___ द चेंज फ्रॉम द व्हेंडर.' पर्याय असे: 'बाइंग, टेकिंग', 'टू बाय, टेकिंग', 'टू बाय, टू टेक', 'बाइंग, टू टेक'.

पहिली जागा आधी. 'ऑन हर वे होम' म्हणजे ती घरी चालली होती. थांबलं ते चालणं. भाजी घ्यायची थांबली की भाजी घ्यायला थांबली? घ्यायला. म्हणून 'टू बाय'. 'बाइंग'चे दोन पर्याय इथेच गेले. दुसऱ्या जागेसाठी विचारा, सुट्टे पैसे घेतले का? फाटकाशी पोहोचल्यावर 'रिअलाइज्ड' आणि त्याआधी 'बट' आहे, म्हणजे काहीतरी राहून गेलं. पैसे घ्यायला विसरली. काम झालं नाही, म्हणून 'टू टेक'. उत्तर तिसरा पर्याय.

आता हेच वाक्य जरा बदला: '...शी हॅड फरगॉटन ___ द चेंज, अँड वॉज सरप्राइज्ड टू फाइंड द कॉइन्स इन हर पर्स.' नाणी पर्समध्ये सापडली, म्हणजे तिने ती घेतली होती आणि घेतल्याचं विसरली होती. आता 'टेकिंग'. रिकाम्या जागेच्या आधीचा एकही शब्द बदललेला नाही. बदल झाला तो शेवटी. म्हणून या प्रश्नात पूर्णविरामापर्यंत वाचल्याशिवाय पर्यायांकडे पाहू नका, असं मी वर्गात सांगते. पर्याय आधी पाहिले की कानाला ओळखीचा वाटणारा पर्याय मनात बसतो आणि मग वाक्याचा अर्थ त्याच्या सोयीने लावला जातो.

याच जातीची आणखी दोन क्रियापदं आहेत, तिथेही मराठी तसाच आधार देते. 'ट्राय': 'खिडकी उघडायचा प्रयत्न केला' म्हणजे 'ट्राइड टू ओपन', खिडकी उघडली की नाही कळत नाही. 'खिडकी उघडून बघितली' म्हणजे 'ट्राइड ओपनिंग', खिडकी उघडली, पण त्याने गरमी कमी झाली का ते पाहायचं होतं. आपलं 'करून बघणं' म्हणजेच 'ट्राय'नंतरचं आयएनजी. 'रिग्रेट': 'कळवायला वाईट वाटतं' म्हणजे 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू', नकाराच्या पत्रातलं ठरलेलं वाक्य. 'सांगितल्याचा पश्चात्ताप होतोय' म्हणजे 'आय रिग्रेट टेलिंग हिम'. इथेही 'ल्याचा' आला की आयएनजी.

या कसोटीची मर्यादा मात्र नीट समजून घ्या. 'चा' म्हणजे आयएनजी आणि 'ला' म्हणजे 'टू' असं सरसकट सूत्र करू नका. 'मला जायचं आहे' यात 'चं' आहे आणि इंग्रजीत 'आय वॉन्ट टू गो' असा 'टू' येतो. 'पोहायला आवडतं' यात 'ला' आहे आणि 'एन्जॉय'पुढे आयएनजी येतं. 'पाऊस पडायला लागला' याचं तर 'इट स्टार्टेड रेनिंग' आणि 'इट स्टार्टेड टू रेन' दोन्ही होतं, अर्थात फरक नाही. मराठीची कसोटी फक्त त्या क्रियापदांपुरती आहे जिथे इंग्रजीत दोन्ही रूपं चालतात आणि अर्थ बदलतो: 'स्टॉप', 'रिमेंबर', 'फरगेट', 'ट्राय', 'रिग्रेट'. इथे पाहिलेली ही पाच. ठरलेल्या रूपाच्या क्रियापदांना ती लावलीत की पुन्हा 'एन्जॉय टू स्विम'पाशी याल.

अजून एका 'टू'बद्दल सांगायला हवं, कारण तुम्ही 'टू' शोधायला लागलात की तो तुम्हाला फसवणार. 'लुक फॉरवर्ड टू' आणि 'बी यूज्ड टू' यांतला 'टू' शब्दयोगी अव्यय आहे, त्याच्यापुढे नाम लागतं, म्हणून आयएनजी. 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.' 'शी इज यूज्ड टू गेटिंग अप अर्ली', तिला लवकर उठायची सवय आहे. पण 'शी यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे ती पूर्वी लवकर उठायची. सवयीबद्दलच्या अशा वाक्यात 'इज', 'वॉज', 'गॉट' यांपैकी काही आधी असेल तर आयएनजी, नसेल तर साधं रूप. ओळखायची सोपी खूण: 'टू'च्या पुढे 'इट' किंवा 'द मॅच' असं नाम ठेवून पाहा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द मॅच' बसतं, म्हणजे तिथे आयएनजी. 'वॉन्ट टू द मॅच' बसत नाही, म्हणजे तिथे क्रियापदाचं मूळ रूप.

शेवटी एक अडचण, तुम्हाला ती सरावसंचात भेटेलच. काही प्रश्नांत पुरावाच दिलेला नसतो. 'ही स्टॉप्ड ___ टू हर' एवढंच वाक्य, आणि पर्यायांत 'टॉकिंग' आणि 'टू टॉक' दोन्ही. वाक्य म्हणून दोन्ही बरोबर. अशा वेळी प्रश्न काढणाऱ्याच्या मनात बहुधा 'स्टॉप'नंतर आयएनजी हाच पाठ केलेला नियम असतो, म्हणून 'टॉकिंग' टिपा आणि पुढे जा. पण उत्तरतालिकेत 'टू टॉक' दिसलं तर स्वतःला चूक समजून वहीतला नियम बदलू नका. सरावसंच असेल तर तो प्रश्न खोडून टाका. आयोगाच्या परीक्षेत तो आला असेल तर पहिली उत्तरतालिका लागल्यावर हरकत घेता येते. तिथे दोन्ही रूपांची दोन पूर्ण वाक्यं आणि त्यांचे दोन वेगळे अर्थ लिहून द्या, आणि प्रश्नात निवड करायला एकही शब्द नाही हे दाखवा. 'दोन्ही चालतं' एवढंच लिहिलेली हरकत कमकुवत ठरते.